गाठीच्या खाली उजेड की अंधार?

आम्ही दोघी बहिणी. थोरली रेडिऑलॉजिस्ट आहे, म्हणजे सोनोग्राफी करून, चित्र पाहून रिपोर्ट लिहिणारी डॉक्टर. धाकटी कोकणातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. हा लेख आम्ही दोघींनी एकत्र बसून लिहिला आहे. त्यातली एक गाठ धाकटीची होती, दुसरी आमच्या फुफीची, आणि फुफीच्या बाबतीत झालेली चूक आम्हा दोघींची होती.

रमजान ईद होऊन दोन आठवडे झाले होते. धाकटीचं वय तेव्हा एकेचाळीस. डाव्या छातीत वरच्या बाजूला तिला द्राक्षाएवढी गाठ लागत होती. पाळीच्या आधी ती इतकी दुखायची की त्या कुशीवर झोपता येत नसे. चार रात्री तिने जागून काढल्या. शेवटी थोरलीला फोन केला आणि म्हणाली, "आपा, मी येते. पण एकटी येणार नाही." म्हणून फुफी तिच्यासोबत आली. फुफी अठ्ठावन्न वर्षांची. तिचं स्वतःचं काही काम नव्हतं, ती फक्त सोबतीला आली होती.

तपासणीच्या खोलीत फक्त आम्ही तिघी होतो. धाकटीला टेबलावर थोडं कुशीवर झुकवून निजवलं, पाठीखाली उशी दिली, डावा हात डोक्याखाली घ्यायला सांगितला. असं केलं की छाती पसरून पातळ होते आणि आतलं नीट दिसतं. जेल लावलं आणि प्रोब ठेवला. छातीसाठीचा प्रोब पोटाच्या प्रोबसारखा बाकदार नसतो. तो सरळ पट्टीसारखा असतो आणि त्याचा आवाज फार उंच पट्टीचा, साधारण १० ते १५ मेगाहर्ट्झचा असतो. हा आवाज खोल जात नाही, पण जवळचं अगदी बारीक दाखवतो. छातीला तेवढंच हवं असतं.

चित्र कसं वाचायचं, ते आधी सांगतो. पडद्याची वरची कड म्हणजे त्वचा. जसजसं खाली जावं, तसतसं शरीरात खोल. प्रोब आवाज आत सोडतो आणि आतून परत आलेला प्रतिध्वनी ऐकतो. जिथून प्रतिध्वनी जास्त येतो तिथे पांढरं दिसतं, जिथून कमी येतो तिथे करडं, आणि जिथून काहीच येत नाही तिथे काळं. स्वच्छ पाण्यातून प्रतिध्वनी येत नाही, म्हणून पाणी काळंभोर दिसतं.

धाकटीची गाठ पडद्यावर आली तेव्हा थोरलीने श्वास सोडला. तो आवाज आम्हा दोघींना अजून आठवतो. गाठ लांबट गोल होती, चिंचोक्यासारखी आडवी पडलेली, १४ मिलिमीटर रुंद आणि ९ मिलिमीटर उंच. आतून पूर्ण काळी. भोवतीची कड एका सलग बारीक रेषेची, जणू टोकदार पेन्सिलने काढलेली. आणि गाठीच्या बरोबर खाली, तिच्याच रुंदीचा, एक उजळ पट्टा खोलपर्यंत गेलेला.

हा उजळ पट्टा का पडतो, हे धाकटीने टेबलावरूनच विचारलं. शाळामास्तरणीला दुखण्यातही राहवत नाही. कारण सोपं आहे. आवाज शरीरात खोल जाताना थकत जातो. मशीनला हे ठाऊक असतं, म्हणून खोलवरून आलेला प्रतिध्वनी ती आपणहून वाढवून दाखवते. पण गाठीत पाणी असेल तर तिथून जाताना आवाज थकतच नाही. मशीन मात्र थकला असं धरून वाढवते. त्यामुळे पाण्याच्या मागचा भाग शेजारच्या भागापेक्षा उजळ दिसतो. खिडकीत पाण्याने भरलेली बाटली ठेवली तर मागे उजेड पडतो, तिथेच दगड ठेवला तर मागे सावली पडते. तसंच काहीसं.

तर साधी पाण्याची गाठ, म्हणजे सिंपल सिस्ट, म्हणायला या सगळ्या खुणा एकत्र लागतात: आतून काळी, आकार गोल किंवा लांबट गोल, कड पातळ आणि सलग, आणि खाली उजेड. चारही जुळल्या की ती गाठ निरुपद्रवी मानतात. रिपोर्टच्या शेवटी बाय-रॅड्स नावाचा एक आकडा असतो. अशा गाठीला तिथे २ लिहितात, म्हणजे कर्करोगाचा संशय नाही. ती काढावी लागत नाही, वारंवार मोजावीही लागत नाही. धाकटीची फार दुखत होती म्हणून थोरलीच्या सहकारी डॉक्टरबाईंनी पडद्यावर पाहत बारीक सुईने तिच्यातलं पाणी काढलं. गवताच्या रंगाचं होतं. रक्त नव्हतं. पाणी निघताच पडद्यावरची गाठ पिचकून नाहीशी झाली.

हे सगळं फुफी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून पाहत होती. धाकटी उठून कपडे घालत असताना ती म्हणाली, "अल्हम्दुलिल्लाह. माझीपण अशीच पाण्याचीच आहे. तुम्हाला रिपोर्ट पाठवला होता ना?"

आम्ही दोघी गप्प झालो. खरंच पाठवला होता. आठ महिन्यांपूर्वी फुफीने गावाजवळच्या एका केंद्रात सोनोग्राफी केली होती आणि रिपोर्टच्या कागदाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता. त्यावर लिहिलं होतं: उजव्या छातीत ११ मिलिमीटरची साधी सिस्ट. थोरलीने कामाच्या गडबडीत तो वाचला आणि उत्तर दिलं, "काळजी करू नका." धाकटीने खाली दुआचे हात टाकले. आम्ही फक्त कागद वाचला होता. चित्र मागितलंच नव्हतं.

"फुफी, आता आलाच आहात तर बघून घेऊ," थोरली म्हणाली.

"कशाला? ती दुखत पण नाही. आणि मी काही तयारीने आले नाही."

"तयारी काही लागत नाही. दार बंद आहे, आम्ही दोघीच आहोत."

फुफी टेबलावर चढली ती आमचं मन राखायला. थोरलीने आधी हाताने पाहिलं. गाठ कडक होती आणि सरकत नव्हती. मग प्रोब ठेवला. उजव्या छातीत, घड्याळातल्या दहाच्या जागी, बोंडापासून ४ सेंटिमीटरवर गाठ दिसली.

धाकटी तेव्हा जवळच उभी होती. अर्ध्या तासापूर्वीची तिची स्वतःची गाठ तिच्या डोळ्यांसमोर होती, म्हणून फरक तिलाही कळला. आता त्या गाठीबद्दल एकेक सांगतो.

पहिली गोष्ट कड. धाकटीच्या गाठीची कड एका रेषेत काढता आली असती. फुफीच्या गाठीची कड कुठे संपते आणि आजूबाजूचा भाग कुठे सुरू होतो, हे बोट ठेवून सांगता येत नव्हतं. डाव्या बाजूला ती कोपऱ्यासारखी टोकदार होती. वरच्या बाजूला बाभळीच्या काट्यांसारख्या बारीक रेघा बाहेरच्या मांसात गेल्या होत्या. गाठीभोवती एक जाडसर पांढुरकी झालर होती, जी सिस्टच्या पातळ भिंतीसारखी मुळीच नव्हती. निरुपद्रवी गाठ शेजारच्या भागाला बाजूला ढकलते, म्हणून तिची कड स्वच्छ राहते. वाईट गाठ शेजारात शिरते, म्हणून तिची हद्द पुसट होते. तिन्ही खुणांमध्ये कडेला आम्ही सर्वांत जास्त वजन देतो.

दुसरी गोष्ट आकार. ही गाठ १३ मिलिमीटर रुंद आणि १६ मिलिमीटर उंच होती. म्हणजे आडवी नव्हती, उभी होती. छातीतले थर त्वचेला समांतर, एकावर एक चपात्या ठेवाव्यात तसे असतात. साधी गाठ दोन थरांच्या मधे आडवी वाढते. जी गाठ रुंदीपेक्षा उंच होते, ती थर फोडून वर-खाली गेलेली असते. अमेरिकेतले डॉक्टर स्टॅव्रोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ७५० भरीव गाठींचा अभ्यास छापला. त्यानंतर रुंदीपेक्षा उंच असणं ही खूण जगभर गंभीरपणे घेतली जाऊ लागली.

तिसरी गोष्ट खालची सावली. धाकटीच्या गाठीखाली उजेड होता. फुफीच्या गाठीखाली पडदा काळा होत गेला होता, जणू कोणी शाई ओतली. अशी गाठ आपल्याभोवती तंतूंचं घट्ट, चिवट जाळं तयार करते. त्या जाळ्यात आवाज शोषला जातो आणि खालपर्यंत पोहोचत नाही, म्हणून सावली पडते.

सावली दिसली म्हणून लगेच निकाल द्यायचा नसतो. छातीतले काही पट्टे, जुन्या जखमेचा वण, आणि बोंडाच्या मागचा भागही सावली टाकतो. म्हणून थोरलीने प्रोब थोडा दाबला, तिरका केला, मग काटकोनात फिरवून पाहिलं. पट्ट्याची सावली अशा वेळी विरते किंवा जागा बदलते. ही जागची हलली नाही. दोन्ही दिशांनी गाठ होती आणि दोन्ही दिशांनी तिच्याखाली अंधार होता. डॉपलर लावल्यावर गाठीच्या आत रंगाचे ठिपके दिसले, म्हणजे आत रक्त वाहत होतं. साध्या सिस्टच्या आत रक्तवाहिनी असूच शकत नाही.

मग प्रोब काखेत नेला. तिथल्या दोन गाठी नीट होत्या, मधे पांढरा गाभा आणि भोवती पातळ करडी साल. तिसरीची साल मात्र ५ मिलिमीटर जाड होती. ३ मिलिमीटरच्या वर साल गेली की आम्ही सावध होतो.

फुफी छताकडे पाहत होती. "पाणीच आहे ना?" तिने विचारलं.

थोरली म्हणाली, "नाही फुफी. ही भरीव आहे. ही कशाची आहे ते सुईने तुकडा काढून तपासावं लागेल." त्यापेक्षा जास्त ती बोलली नाही आणि कमीही बोलली नाही. सोनोग्राफी संशय सांगू शकते, नाव सांगू शकत नाही. नाव पॅथॉलॉजीची डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगते. रिपोर्टमध्ये थोरलीने बाय-रॅड्स ५ लिहिलं. याचा अर्थ कर्करोग असण्याची शक्यता शंभरात किमान ९५. त्याच्या अलीकडचा ४ हा आकडा फार रुंद असतो, शंभरात २ पासून ९५ पर्यंत. म्हणूनच ४ लिहिलेला रिपोर्ट पाहून घरच्यांनी रडारड करू नये आणि तो कपाटातही ठेवू नये. ४ असो की ५, पुढचं पाऊल एकच असतं, ते म्हणजे बायोप्सी.

त्या रात्री आम्ही फुफीच्या मुलाकडून जुना रिपोर्ट मागवला, आणि या वेळी त्याला जोडलेलं चित्रही. आठ महिन्यांपूर्वी काय चुकलं असावं, ते त्या चित्रातच होतं.

सगळं चित्र काळपट होतं. मशीनवर गेन नावाचं एक बटण असतं. रेडिओचा आवाज कमी-जास्त करतो तसा तो प्रतिध्वनी कमी-जास्त करतो. गेन फार कमी ठेवला तर भरीव गाठीतून येणारे मंद प्रतिध्वनी गायब होतात आणि ती पाण्यासारखी काळी दिसते. गेन फार वाढवला तर उलटी फसगत होते, खऱ्या सिस्टमध्ये खोटे ठिपके भरतात आणि ती भरीव वाटते. गेन बरोबर आहे का हे कसं ओळखायचं? त्वचेखालच्या चरबीकडे पाहायचं. नीट लावलेल्या चित्रात चरबी मध्यम करडी दिसते. फुफीच्या जुन्या चित्रात चरबीच जवळजवळ काळी होती. जिथे चरबी काळी, तिथे गाठीच्या काळेपणावर विश्वास ठेवता येत नाही.

दुसरं म्हणजे, त्या चित्रातही गाठीखाली उजेड नव्हता. पाणी असतं तर अंधाऱ्या चित्रातही गाठीखालचा भाग शेजारच्या भागापेक्षा उजळ असायला हवा होता. तिसरं म्हणजे, चित्र एकाच दिशेचं होतं. माप दोनच होती, तिसरं नव्हतं. एका कापात गोल दिसणारी गाठ दुसऱ्या कापात टोकदार निघू शकते. म्हणून छातीतली प्रत्येक गाठ काटकोनातल्या दोन दिशांनी पाहून तीन मापं घ्यायची असतात. आणि चौथी गोष्ट, जी चित्रात नव्हती पण कागदावर होती: वय ५७. सिस्ट बहुतेक पस्तिशी ते पन्नाशीच्या बायकांना होतात. पाळी बंद होऊन काही वर्षं झाल्यावर त्या कमी होत जातात. त्या वयात नवी, कडक, न दुखणारी गाठ आली तर 'सिस्ट' हा शब्द लिहिण्याआधी दोनदा पाहायला हवं. हे आम्हाला ठाऊक होतं. तरीही आम्ही "काळजी करू नका" असं लिहून मोकळ्या झालो होतो.

दुखणाऱ्या गाठीने धाकटीला चार रात्रींत दवाखान्यात आणलं. न दुखणाऱ्या गाठीने फुफीला आठ महिने घरी बसवलं. मधल्या काळात गाठ वाढतेय असं तिला वाटत होतं, पण आधी नातीचं लग्न आलं, मग रोजे, मग ईद. आणि प्रत्येक वेळी हातात तो कागद होता, त्यावर सिस्ट लिहिलेलं.

आठवड्याभरात फुफीची मॅमोग्राफी झाली आणि सोनोग्राफीत पाहत बायोप्सी झाली. आधी त्वचा बधिर केली. मग १४ गेजच्या सुईने, म्हणजे आगपेटीच्या काडीपेक्षा थोड्या पातळ सुईने, गाठीचे चार बारीक तुकडे घेतले. सुई सुटताना खटका वाजतो, तेवढ्याने फुफी दचकली. दुखलं नाही असं तिने नंतर सांगितलं. काखेतल्या जाड गाठीतूनही सुईने नमुना घेतला. रिपोर्ट आला: छातीत कर्करोग, आणि काखेतही पोहोचलेला. मुंबईत परळला टाटा मेमोरियलमध्ये तिचे पुढचे उपचार झाले, आधी औषधं, मग ऑपरेशन, मग किरणं. आठ महिन्यांपूर्वी, ११ मिलिमीटरवर कळलं असतं तर काख सुटली असती का? हे कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. आम्ही हा प्रश्न एकमेकींना विचारणं थांबवलं आहे, पण स्वतःला विचारणं थांबलेलं नाही.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी, नाहीतर या लेखातूनच नवा गैरसमज पसरेल. गाठीखाली उजेड दिसला म्हणजे ती पाण्याचीच, असं समजू नये. काही फार वेगाने वाढणारे कर्करोग, विशेषतः तरुण बायकांमधले, गोल असतात, त्यांची कड बऱ्यापैकी स्वच्छ असते आणि त्यांच्याखाली उजेडही पडतो. कारण त्यांत पेशी दाटीने असतात आणि चिवट तंतू कमी. ते वेगळे ओळखायचे ते आतल्या मंद प्रतिध्वनीने आणि रक्तप्रवाहाने. तसंच सिस्टची भिंत जाड असेल, आत जाड पडदे असतील किंवा भिंतीला भरीव गोळा चिकटलेला असेल, तर ती साधी सिस्ट राहत नाही. तिचा तुकडा तपासावा लागतो. म्हणून एकाच खुणेवर निकाल द्यायचा नाही. सगळ्या खुणा निरुपद्रवी असल्या तरच गाठ साधी, आणि एक जरी संशयाची असली तरी तपास पुढे न्यायचा.

आता आमच्या घरात नियम आहे. कोणाचाही रिपोर्ट ग्रुपवर आला की थोरली कागदासोबत चित्र मागते. तुमच्या घरात रेडिऑलॉजिस्ट नसेल, पण चित्रांची प्रिंट किंवा सीडी मागून घेणं आणि जपून ठेवणं हे तुमच्याही हातात आहे. रिपोर्टमध्ये आकार, कड, खालचा भाग, तीन मापं, घड्याळातली जागा आणि बाय-रॅड्सचा आकडा आहे का, एवढं पाहा. नसेल तर विचारा. आणि कागद काहीही म्हणो, गाठ वाढली किंवा कडक लागली तर पुन्हा दाखवा. बाई डॉक्टर हवी असेल तर आधी फोन करून वेळ घ्या. त्यासाठी महिने घालवू नका.

फुफी दर सहा महिन्यांनी तपासणीला येते. मागच्या खेपेला दुसऱ्या छातीत एक छोटी गाठ दिसली, ५ मिलिमीटरची. थोरली प्रोब फिरवत होती, धाकटी फुफीचा हात धरून उभी होती. फुफीने मान वळवून पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "खाली उजेड आहे की अंधार?"

उजेड होता. कड सलग होती, आतून काळी, आडवी पडलेली, आणि चरबी करडी दिसत होती. तरीही थोरलीने प्रोब काटकोनात फिरवून दुसऱ्यांदा पाहिलं, तिसरं माप घेतलं, आणि मगच सांगितलं, "फुफी, हे पाणी आहे."